जैद परत आला नाही

फिकहच्या ग्रंथांत उदाहरणाला घेतलेल्या माणसाचं नाव बहुधा जैद असतं. दुसरा लागला तर अम्र किंवा बक्र, आणि बाई असली तर हिंद. आजचा जैद तीस वर्षांचा आहे. व्यापारासाठी घराबाहेर पडला आणि परत आला नाही. निरोप नाही, प्रेत नाही. मेला म्हणून सांगणारा साक्षीदार नाही आणि अमुक गावी पाहिला म्हणून सांगणाराही नाही. मागे बायको हिंद, एक लहान मुलगा, राहतं घर, थोडी रोकड आणि ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली अनामत. अशा बेपत्ता माणसाला फिकहमध्ये ‘मफकूद’ म्हणतात. त्याची माणसं काझीकडे येतात तेव्हा काझीला आधी एकच गोष्ट ठरवावी लागते, की याला जिवंत धरायचं की मेलेला.

उत्तर ज्या सूत्रातून येतं ते असं: खात्रीने ठरलेली गोष्ट शंकेने नाहीशी होत नाही. जैद निघाला तेव्हा जिवंत होता, ही खात्री. नंतर कुठे मेला असेल, ही शंका. म्हणून जैद जिवंत. हे ऐकायला इतकं सरळ आहे की यात विचार करण्यासारखं काय आहे असं वाटावं. पण या एका वाक्याने काझी आणि मुफ्तींनी काय काय सांभाळलं आणि कुठे त्यांना थांबावं लागलं, हे जैदच्या घराइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

सूत्राचं मूळ एका हदीसमध्ये आहे. नमाजात उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की आपली वजू मोडली, पण पक्कं कळत नाही. पैगंबरांनी सांगितलं की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत त्याने नमाज सोडू नये. इतक्या घरगुती प्रसंगातून निघालेली गोष्ट हळूहळू सगळ्या कायद्यात पसरली. दहाव्या शतकात बगदादचे हनफी विद्वान करखी यांनी जी सूत्रं लिहून ठेवली त्यांत ही आहे. कैरोत पंधराव्या शतकाच्या अखेरीस शाफई पंथाचे सुयूती आणि पुढे सोळाव्या शतकात हनफी पंथाचे इब्न नुजैम, या दोघांनी ‘अल-अश्बाह वन-नझाइर’ याच नावाचे ग्रंथ लिहिले. दोघांनीही ज्या मोजक्या सूत्रांना सर्वांत वरचं स्थान दिलं त्यांत ही आहे. सुयूतींचा अंदाज असा की या एका सूत्रातून निघणारे प्रश्न फिकहच्या तीनचतुर्थांशाहून अधिक भरतील. उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात जो दिवाणी कायदा तयार केला, ‘मजल्ला’ नावाचा, त्यात हे वाक्य चौथं कलम म्हणून आलं.

मुफ्तीकडे येणारे प्रश्न बहुतेक वेळा लहान असतात. एक माणूस येऊन सांगतो, रागाच्या भरात मी तलाक म्हटलं की नाही तेच आठवत नाही. मुफ्ती त्याला विचारतो, निकाह झाला याबद्दल शंका आहे का? ती नाही. मग निकाह खात्रीचा, तलाक शंकेचा, निकाह कायम. दुसरा म्हणतो, म्हटलं हे नक्की, पण एकदा की दोनदा ते सांगता येत नाही. हनफी मुफ्ती म्हणतो, कमी आकडा धर, कारण तेवढाच खात्रीचा आहे. जास्तीबद्दल तुझं मन खरोखरच एका बाजूला झुकत असेल तर मात्र तसं सांग. मुफ्तीचं उत्तर नेहमी सांगितलेल्या हकिकतीवर उभं असतं. ती खरी की खोटी हे तो तपासत नाही. काझीला ती सवलत नाही. त्याच्यापुढे समोरासमोर दोन माणसं असतात, आणि एकाचं ऐकलं की दुसऱ्याच्या खिशाला चाट बसते. कर्ज घेतल्याचं कबूल आहे आणि फेडलं असं कर्जदार म्हणतो, तर काझी म्हणतो की कर्ज खात्रीचं आहे, फेड सिद्ध कर. उलट कर्ज दिलं होतं असं एक जण म्हणतो आणि दुसरा ते साफ नाकारतो, तेव्हा पुरावा पहिल्याने द्यायचा, कारण माणूस जन्मतो तो कुणाचं देणं न लागता. पुरावा नसेल तर दुसऱ्याने शपथ घ्यायची आणि सुटायचं. सूत्र एकच, फक्त आरंभी काय ठरलेलं होतं ते बदललं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो सोडला तर पुढचं काही कळणार नाही. फिकहमध्ये शंका म्हणजे दोन्ही पारडी सारखी असण्याची अवस्था. एक पारडं स्पष्ट खाली गेलं, म्हणजे मनाला एका बाजूची दाट शक्यता वाटू लागली, की तिला शंका म्हणत नाहीत. अशा दाट शक्यतेला व्यवहारात खात्रीचंच वजन मिळतं. दोन विश्वासू साक्षीदार काझीला गणिती खात्री देत नाहीत, दाट शक्यताच देतात, आणि तेवढी पुरते. तेव्हा जैद जिवंत धरायचा याचा अर्थ अनंतकाळ जिवंत धरायचा असा नाही. त्याच्या मृत्यूची दाट शक्यता निर्माण होईपर्यंत धरायचा. ती कधी होते?

हनफींचं जुनं उत्तर होतं की जैदच्या गावातले त्याच्या वयाचे सगळे लोक मरतील तेव्हा. बरोबरीचे कुणी उरले नाहीत तर तो तरी कसा उरेल, असा हिशेब. पण बरोबरीच्यांची मोजदाद कोण ठेवणार? मग आकडे आले. इमाम अबू यूसुफ यांच्या नावे शंभर वर्षांचा आकडा सांगितला जातो, दुसऱ्या एका मताप्रमाणे एकशे वीस. बाराव्या शतकात मर्गीनानींनी आपल्या ‘हिदाया’ या ग्रंथात लोकांना सोपा जाईल असा नव्वदचा आकडा पसंत केला. जन्मापासून नव्वद. म्हणजे तिशीत निघालेल्या जैदसाठी साठ वर्षं वाट पाहायची.

ही साठ वर्षं जैदच्या मालमत्तेचं काय होतं ते आधी पाहू, कारण तिथे हनफींची बुद्धी फार सुरेख चालली आहे.

काझी जैदच्या मालमत्तेवर एक माणूस नेमतो. तो घर सांभाळतो, शेत असेल तर त्याचं उत्पन्न गोळा करतो, ज्यांनी देणं कबूल केलं आहे त्यांच्याकडून वसुली करतो. नासणारा माल असेल तर विकून पैसे ठेवतो, टिकणारा माल विकत नाही. हिंदचा आणि मुलाचा खर्च जैदच्याच पैशातून होतो, आईवडील गरजू असतील तर त्यांचाही. भावाचा नाही. बायको, मुलं आणि आईवडील यांचा हक्क काझीच्या हुकमाआधीच उभा असतो, भावाचा हक्क हुकमाने उभा राहतो, आणि समोर नसलेल्या माणसाविरुद्ध असा नवा हुकूम हनफी काझी देत नाही. वारसांनी कितीही घाई केली तरी वाटणी होत नाही. जैद जिवंत आहे, जिवंत माणसाची मालमत्ता वाटत नाहीत.

आता समजा, जैद बेपत्ता असताना त्याचे वडील वारले. आई आधीच गेलेली. वडिलांची मालमत्ता पंधरा हजार दिरहम. मागे तीन अपत्यं: बेपत्ता जैद, त्याचा भाऊ बक्र आणि एक बहीण. मुलाला मुलीच्या दुप्पट हा नियम. जैद जिवंत धरला तर एकूण पाच भाग होतात, दोन जैदचे, दोन बक्रचे, एक बहिणीचा. जैद आधीच मेला असेल तर तीनच भाग, दोन बक्रचे, एक बहिणीचा. वाचणारा म्हणेल, आत्ताच तर ठरलं ना की जैद जिवंत आहे, मग त्याचे सहा हजार त्याच्या खात्यात टाका. हनफी काझी तसं करत नाही. तो बक्रला सहा हजार आणि बहिणीला तीन हजार देतो, म्हणजे दोन्ही शक्यतांत त्यांना जे कमीत कमी मिळेल तेवढं, आणि उरलेले सहा हजार राखून ठेवतो. जैद परत आला तर ते त्याचे. शेवटी तो मृत ठरवला गेला तर ते सहा हजार जैदच्या मुलाला जात नाहीत. ते वडिलांच्या मालमत्तेत परत जातात, आणि त्यांतले चार हजार बक्रला व दोन हजार बहिणीला मिळतात.

का? कारण वारसा मिळण्याची अट आहे की वडील मरताना मुलगा जिवंत असला पाहिजे, आणि त्या दिवशी जैद जिवंत होता हे कुणीही दाखवलेलं नाही. आपण फक्त तसं धरून चाललो होतो. हनफींच्या मते आधीची स्थिती पुढे चालू धरणं ही ढाल आहे. आपलं जे आहे ते दुसऱ्याने हिरावू नये एवढ्यापुरती ती उपयोगी, तिच्या जोरावर दुसऱ्याचं काही मिळवता येत नाही. त्यांच्या ग्रंथांत मफकूदबद्दल म्हणतात की तो स्वतःच्या हक्कापुरता जिवंत आणि दुसऱ्याच्या हक्कापुरता मेलेला. शाफई आणि हंबली विद्वानांना हा भेद मान्य नाही. जिवंत धरला तर सगळ्या बाजूंनी जिवंत धरा, असं त्यांचं म्हणणं. मला हनफींचं पटतं. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर आपण काहीतरी धरून चालतो तेव्हा त्या धरून चालण्याची किंमत तिसऱ्याकडून वसूल करू नये, ही जाणीव त्यात आहे.

जैदच्या स्वतःच्या मालमत्तेची वाटणी मात्र ज्या दिवशी काझी त्याला मृत ठरवतो त्या दिवशी हयात असलेल्या वारसांमध्येच होते. त्याच्या आधी गेलेल्याला त्यात वाटा नाही. हिंद मधेच वारली तर तिच्या माहेरच्यांना जैदच्या घरातून काही मिळत नाही.

हा भेद जुन्या ग्रंथांतच राहिला असं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने तीस वर्षांच्या आत जिवंत असलेला माणूस जिवंतच धरला, पण ज्यांना सहज बातमी लागली असती त्यांना सात वर्षं काही कळलं नाही तर तो जिवंत आहे हे दाखवण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर टाकली. मग मुसलमान मफकूदला नव्वद वर्षं लावायची की सात? १८८४ मध्ये मजहर अली विरुद्ध बुध सिंह या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलं की नव्वद वर्षांचा नियम वारशाचा नसून पुराव्याचा आहे, आणि पुराव्याच्या बाबतीत आता सरकारी कायदा चालतो. सूत्र तेच राहिलं, घड्याळ मात्र बदललं. तीच दोन कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ११० आणि १११ या क्रमांकांनी आली आहेत. आणि हनफींची ढाल? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आयुर्विम्याचं एक प्रकरण आलं. विमा उतरवलेला माणूस बेपत्ता झाला, पुढचे हप्ते थांबले, पॉलिसी बंद पडली. सात वर्षांनंतर पत्नीचं म्हणणं असं की तो बेपत्ता झाला तेव्हाच मेला असं धरा, म्हणजे पॉलिसी चालू असतानाच मेला असं होईल. न्यायालयाने मानलं नाही. सात वर्षांनंतर तो मेला एवढंच धरता येईल, कधी मेला हे धरता येणार नाही. ज्याला ठरावीक तारखेवरून पैसे हवेत त्याने ती तारीख सिद्ध करावी. फिकहचा उल्लेख त्यात असण्याचं कारण नव्हतं, पण वडिलांच्या पंधरा हजार दिरहमांची वाटणी करणाऱ्या काझीला हा निकाल वाचून जराही नवल वाटलं नसतं.

मालमत्ता साठ वर्षं राखून ठेवता येते. घराची डागडुजी होते, पैसे जपून ठेवता येतात. हिंद पंचवीस वर्षांची आहे.

हनफी मताप्रमाणे जैद जिवंत, म्हणून निकाह जिवंत, म्हणून जैदच्या जन्मापासून नव्वद वर्षं होईपर्यंत हिंद त्याची बायको. तोवर ती पंचाऐंशी वर्षांची होईल. सूत्र चुकीचं लावलं असं इथे कुणाला म्हणता येणार नाही. ते अगदी बरोबर लावलं आहे, आणि मला तेच अस्वस्थ करतं. हनफींनी त्यासाठी हजरत अलींचं मत पुढे ठेवलं. त्या मतात बेपत्ता माणसाची बायको ही परीक्षेत पडलेली स्त्री आहे, आणि तिने मृत्यूची किंवा तलाकची बातमी येईपर्यंत धीर धरावा. पण हजरत उमर यांचा निवाडा वेगळा होता. बायकोने चार वर्षं थांबावं, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी आणि मोकळं व्हावं. मदिनेत एका माणसाला जिन्नांनी पळवून नेल्याची जी हकिकत सांगतात, तिच्यात उमर यांनी असाच निवाडा दिला होता. इमाम मालिक यांनी तो धरला. हनफींचं म्हणणं की उमर यांनी नंतर मत बदललं आणि अलींशी सहमत झाले.

मालिकी काझीपुढे गोष्ट अशी चालते. हिंद तक्रार घेऊन येते. काझी जैद जिकडे गेला त्या दिशेच्या गावांना पत्रं पाठवतो, व्यापाऱ्यांकडे चौकशी करतो. सगळीकडून नकार आला आणि शोध थकला, की त्या दिवसापासून चार वर्षांची मुदत घालतो. आधी गेलेली वर्षं त्यात धरत नाही. मुदत संपली की विधवेची इद्दत, आणि मग तिला दुसरा निकाह करता येतो. हे सगळं हिंदपुरतं. जैदची मालमत्ता या चार वर्षांनी वाटली जात नाही. तिच्यासाठी मालिकीही माणसाच्या आयुष्याची लांब मर्यादा संपण्याची वाट पाहतात. एकच माणूस बायकोपुरता गेलेला आणि घरापुरता हयात. तर्काला हे खटकेल. पण घर थांबू शकतं आणि बाई थांबू शकत नाही, हे ज्याने पाहिलं त्याला खटकणार नाही.

मालिक यांचं आणखी एक मत इथे आठवतं. वजूच्या प्रश्नात ते बहुसंख्यांशी सहमत नव्हते. नमाजाबाहेर असलेल्या माणसाला वजू केल्याची खात्री असेल आणि मोडल्याची शंका असेल, तर त्यांच्या प्रसिद्ध मताप्रमाणे त्याने नवी वजू करावी. कारण नमाज आपल्यावर बंधनकारक आहे हीसुद्धा खात्रीच आहे, आणि शंकेतल्या वजूने ती फिटली असं खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे सूत्र त्यांनी नाकारलं नाही. दोन खात्र्या समोर असताना कोणती पुढे करायची, एवढं त्यांनी वेगळं ठरवलं. हिंदच्या बाबतीत त्यांनी हा युक्तिवाद केला नाही, तिथे त्यांना उमर यांचा निवाडा पुरेसा होता. पण तो युक्तिवाद मनात ठेवून हिंदकडे पाहिलं की मला दुसरी खात्री दिसते. जैद जिवंत असेल हे आपण धरून चाललो आहोत. हिंद एकटी आहे, हे कुणाला धरून चालावं लागत नाही. तिचं नुकसान शंकेतलं नाही.

मग हनफी मुफ्तींनी दुसरं सूत्र का पुढे केलं नाही? अडचणीतून सवलत निघते, हे तितकंच थोर सूत्र आहे. नुकसान दूर केलं पाहिजे, हेही. मजल्लात ती सतराव्या आणि विसाव्या कलमांत आहेत. याचं उत्तर मजल्लासोबतच्या प्रास्ताविक अहवालात सापडतं. शरियतच्या न्यायाधीशांना ग्रंथांत स्पष्ट आधार मिळेपर्यंत केवळ यांतल्या एखाद्या सूत्रावर बोट ठेवून निकाल देता येत नाही, असं तिथे बजावलं आहे. इब्न नुजैमसारख्यांनीही सूत्रांना जागोजागी अपवाद नोंदले होते. सूत्र हजार निकालांतून गोळा केलेलं असतं. ते काझीला दिशा देतं, विखुरलेले निकाल लक्षात ठेवायला मदत करतं, पण ठरलेल्या निकालाच्या विरुद्ध त्याला उभं करता येत नाही. नाहीतर प्रत्येक काझी आपल्याला सोयीचं सूत्र उचलेल, कारण सूत्रं एकमेकांच्या उलट दिशांनाही जातात. जैदला जिवंत ठेवणारं सूत्र आहे आणि हिंदला सोडवणारंही आहे. दोघांमध्ये निवड सूत्राने होत नाही.

म्हणून हनफी मुफ्तींनी जो मार्ग काढला तो सूत्रातून नव्हे, शेजारच्या पंथातून. गरज पडली तर मालिकी मताप्रमाणे फतवा द्यायला हरकत नाही, हे मत दमास्कसचे इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या मोठ्या टीकाग्रंथात नोंदवून ठेवलं. हिंदुस्थानात ही गरज फार कठोर रूपाने समोर आली. पंजाबात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत काही स्त्रिया नको असलेल्या किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटण्यासाठी न्यायालयात आपण इस्लाम सोडल्याचं जाहीर करू लागल्या, कारण प्रचलित हनफी मताप्रमाणे त्याने निकाह संपत असे. बेपत्ता नवऱ्यापासून सुटायला बाईला धर्म सोडावा लागतो, याचा धक्का उलेमांना बसला, आणि बसायलाच हवा होता. थाना भवनच्या मौलाना अशरफ अली थानवींनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींना प्रश्न लिहून पाठवले, उत्तरं मागवली. त्या आधारावर ‘अल-हीलतुन नाजिजा’ हे पुस्तक १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. मफकूदच्या बायकोला मालिकी नियम लावता येतो, आणि जिथे मुसलमान काझी नाही तिथे जाणत्या मुसलमानांची पंचायत त्याची जागा घेऊ शकते, असं त्यात मांडलं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा प्रश्न वेगळ्या पंथातून येतो. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, आणि त्यांच्या कित्येक पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेल्या. इमाम शाफई इराकात होते तेव्हा त्यांचं मत चार वर्षांचं होतं. इजिप्तला गेल्यावर ते बदललं, आणि मृत्यूची किंवा तलाकची खात्री होईपर्यंत बायकोने थांबावं हे त्यांचं नवं मत पंथात रूढ झालं. खलाशाच्या बायकोला जवळचा आधार म्हणाल तर हंबलींचा. ते बेपत्ता होण्याचे दोन प्रकार करतात. जिथून माणसं सहसा परततात अशा प्रवासात हरवलेला एक, आणि बुडालेल्या गलबतावर किंवा लढाईत होता तो दुसरा. दुसऱ्यासाठी चार वर्षं पुरेत, कारण तिथे मृत्यू ही शंका राहत नाही, दाट शक्यता होते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेल्या रामदास बोटीवर जे चढले आणि ज्यांची प्रेतं सापडली नाहीत, त्यांच्या घरच्यांना हा फरक कुणी समजावून सांगावा लागला नसता.

काझी मुहंमद अहमद काझमी यांनी १९३६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात आणलेल्या विधेयकातून पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. थानवींना तो पुरता मान्य नव्हता, कारण न्यायाधीश मुसलमान असण्याची अट त्यात उरली नाही. त्याच्या दुसऱ्या कलमातलं पहिलंच कारण हिंदचं आहे: नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षं लागला नसेल तर बायकोला निकाह रद्द करून मिळेल. इथे चार वर्षं काझीच्या मुदतीपासून नव्हे, बातमी थांबल्यापासूनची. तिने दाव्यात नवऱ्याच्या वारसांची नावं आणि पत्ते द्यायचे. तो त्या दिवशी मेला असता तर जे वारस झाले असते ते. त्यांना नोटीस जाते. नवऱ्याचा चुलता आणि भाऊ असतील तर वारस नसले तरी त्यांना सामील करून घ्यावं लागतं, कारण बातमी कुणाला असेल तर त्यांना असेल. न्यायालयाने हुकूमनामा दिला तरी तो सहा महिने अमलात येत नाही. त्या सहा महिन्यांत नवरा स्वतः आला, किंवा अधिकार दिलेला माणूस पाठवून संसार करायला तयार असल्याचं त्याने न्यायालयाला पटवलं, तर न्यायालय हुकूमनामा रद्द करतं. तोपर्यंत कायद्याच्या लेखी जैद हयात आहे, आणि हिंदला दुसरा निकाह करता येत नाही.